पिवळा केला नाही : एका सत्यातून साठ ओळी, साठातून तीन

कोल्हापूरच्या सौद्यात गुळाचा भाव आधी डोळा ठरवतो. ढेप समोर आली की व्यापारी रंग बघतो, मग फोडून कण बघतो, चवीची पाळी नंतर येते. पिवळाधमक गूळ वरच्या भावाने जातो, तपकिरी मागे राहतो. त्यामुळे रस उकळत असताना काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड टाकायची सवय गुऱ्हाळांना लागली. गुऱ्हाळावर तिला हायड्रॉस पावडर म्हणतात. ती टाकली की रंग उजळतो. त्याबरोबर गुळात गंधकाचा अंशही राहतो, आणि किती राहू द्यायचा याला अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे.

करवीर तालुक्यातल्या एका कुटुंबाने ही पूड बंद केली. गूळ अर्थातच तपकिरी झाला, सौद्यात भाव पडला, म्हणून त्यांनी अर्ध्या आणि एक किलोच्या ढेपा करून पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत स्वतःच विकायला सुरुवात केली. तिथेही प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक ढेप हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचं: ‘काळा का हो?’ लेबलवर तेव्हा ‘शुद्ध, सात्त्विक, नैसर्गिक’ असे तीन शब्द होते आणि त्यांतल्या एकातही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यांच्यासाठी नवी ओळ लिहायचं काम एका जाहिरातलेखिकेने घेतलं. मुंबईच्या एजन्सींमध्ये तिने बरीच वर्षं काढली आहेत आणि आता ती कोल्हापुरात राहते. घरचे तिला ताई म्हणतात, इथेही तेच म्हणू. घोषवाक्य सुचतं कसं, हा प्रश्न लोक तिला नेहमी विचारतात. तिच्या मते प्रश्नच चुकीचा आहे. घोषवाक्य सुचण्याची वाट बघायची नसते, ते निवडायचं असतं. निवडायला आधी ढीग लागतो, आणि ढीग घालायला पायाखाली एक खरी गोष्ट लागते. हे काम तिने कसं केलं ते जवळून बघायला मिळालं. लहान उद्योग चालवणाऱ्या कुणालाही ते जसंच्या तसं करता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काहील, मग कागद

ताईची पहिली अट होती की आदण चढल्यापासून उतरेपर्यंत ती गुऱ्हाळात बसणार आणि घोषवाक्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. तिने फक्त प्रश्न विचारले. हे काय घातलं? कशासाठी? नाही घातलं तर काय होईल? शेजारचे पण घालतात का? शेवटचा प्रश्न ती प्रत्येक पायरीला विचारत होती.

चरकातून रस आला, काहिलीत पडला. त्यात चुन्याची निवळी गेली, कारण रसाची आंबटाई मारली नाही तर गूळ नीट बसत नाही. मग पाण्यात कुसकरलेल्या रानभेंडीचा चिकट रस गेला. तो मळी वर आणतो आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. पाक दाटत आला तसा गुळव्याने थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, दाबून बघितली आणि काहील उतरवायला सांगितली. पावडरची वेळ मधेच कुठेतरी येऊन गेली होती. ती टाकली गेली नाही, एवढंच.

ताईच्या वहीत या सगळ्याच्या दोन याद्या झाल्या. एक, सगळेच करतात ते. दुसरी, हेच करतात किंवा हेच करत नाहीत ते. पहिली यादी लगेच फेकायची नसते. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातलेखकाकडे श्लिट्झ बिअरचं काम आलं, तेव्हा मिलवॉकीच्या कारखान्यात त्याने बाटल्या वाफेने धुणं, पाण्यासाठी खोल खणलेल्या विहिरी, गाळण्याच्या यंत्रणा असं सगळं पाहिलं. मालकांचं म्हणणं होतं की असं तर सगळेच करतात. हॉपकिन्सने तेच लिहिलं, कारण गिऱ्हाइकाला ते आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे सत्य एकट्याचं असायलाच हवं असं नाही, पण ते सांगितलं गेलेलं नसावं. इथे मात्र दुसऱ्या यादीत एक ठळक गोष्ट होती आणि गिऱ्हाईक नेमकं त्याबद्दलच विचारत होतं. दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्यावर चिपाडाचा जाळ, गुळव्याचा हात वगैरे मोह बाजूला ठेवणं सोपं गेलं.

आता ती गोष्ट एका साध्या वाक्यात लिहायची होती. हे वाक्य जाहिरातीसाठी नसतं, पुढच्या सगळ्या ओळी ज्याच्यावर तपासायच्या ते माप असतं. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

घरातल्या थोरल्या भावाने, दादाने, पहिलं वाक्य दिलं: ‘आमचा गूळ केमिकल फ्री आहे.’

‘चुना घालता ना?’ ताईने विचारलं.

‘घालावाच लागतोय की. त्याशिवाय गूळ बसंल कसा?’

‘मग केमिकल फ्री म्हणता येणार नाही.’

‘बरं, मग “काहीच घालत नाही” म्हणूया.’

‘आणि भेंडी?’

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘हायड्रॉस घालत न्हाई. एवढंच आहे बघा खरं.’

तेवढंच हवं होतं. पण ताईने त्यातही एक खाच शोधली. पूड न घालता केलेला त्यांचा गूळ तपकिरी होतो हे खरं. उलटं मात्र खरं नाही. ऊस शिळा झाला, पाक जास्त चढला, जमीन खारपड असली तरी गूळ काळपट होतो. तेव्हा ‘तपकिरी म्हणजे बिनपावडरीचा’ असं सुचवणारी ओळ लिहिली तर बाजारातल्या कुठल्याही करपलेल्या ढेपेला आपण प्रमाणपत्र देऊन बसू. तसंच चांगल्या जमिनीतला ताजा ऊस आणि कसलेला गुळव्या असेल तर पूड न घालताही सोनेरी गूळ निघू शकतो, त्यामुळे पिवळा गूळ करणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवणंही चूक. शेवटी मापाचं वाक्य असं झालं: ‘रंग उजळवण्यासाठी आम्ही हायड्रॉस पावडर घालत नाही, म्हणून आमचा गूळ तपकिरी दिसतो.’ ताईने ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं.

जुन्या लेबलवरच्या तीन शब्दांचा निकाल इथेच लागला. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असे शब्द अन्नपदार्थांवर केव्हा वापरता येतात याच्या अटी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावे नियमांत आहेत. ज्यात चुना आणि भेंडी जाते त्याला शुद्ध म्हणताना दहादा विचार करावा लागतो. प्रदर्शनात कुणीतरी दादाला ‘शुगरवाल्यांना चालतो असं लिहा, धडाधड खपेल’ असा सल्लाही दिला होता. गूळ साखरच वाढवतो, आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४च्या कायद्यापासून बंदी आहे. तो सल्ला वहीत आलाच नाही.

ढीग

यानंतर लिहिणं. ताईचा नियम असा की एका चिठ्ठीवर एकच ओळ, खोडायचं नाही, चांगली-वाईट म्हणायचं नाही. घरातले सगळे बसले: दादा, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि काकू, म्हणजे दादाची आई, जी गुऱ्हाळाचा हिशोब अजून तोंडी ठेवते. निव्वळ ‘सुचेल ते लिहा’ म्हटलं की दहा ओळींत माणूस थांबतो आणि त्या दहा ओळी कुणालाही सुचतील अशाच असतात. ‘गोडवा मातीचा’, ‘चव गावाकडची’, ‘ऊस आपला, गूळ आपला’. त्या येऊन जाऊ द्याव्या लागतात. पुढचं यावं म्हणून ताई तेच सत्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी देते. प्रत्येक तोंडाला साधारण दहा मिनिटं, आणि सहा चिठ्ठ्या झाल्याशिवाय उठायचं नाही.

आधी सरळ सांगणारा. तो मापाचं वाक्य फक्त आखूड करतो. ‘हायड्रॉस नाही.’ ‘पावडर नाही, म्हणून पिवळा नाही.’ ‘एक पुडी कमी.’ ही शेवटची वहिनींची, आणि ती ऐकून ताईने मान वर केली.

मग गिऱ्हाईक. त्याचे शब्द शोधावे लागत नाहीत, प्रदर्शनात ऐकलेले जसेच्या तसे लिहायचे. ‘काळा का हो?’ ‘जुना आहे का?’ ‘करपलाय का?’ त्यांना उत्तर देता देता ओळी होतात: ‘काळा का? या, सांगतो.’ ‘काळा का? पिवळा केला नाही म्हणून.’

त्यानंतर गुळव्या. ‘आमचा गुळव्या रंग बघत नाही, पाक बघतो.’ ‘काहिलीतून उतरला तसा.’ मग स्वयंपाकघर: ‘पोळी कापून बघा, पुरण सांगेल.’ ‘पुरण जरा सावळं होईल.’ ‘चहा फाटणार नाही.’ मग उणीव कबूल करणारा. या तोंडावर ताईचा फार जीव आहे. १९६२ साली अमेरिकेत एव्हिस ही भाड्याने गाड्या देणारी कंपनी आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे जाहिरातीत उघड सांगू लागली आणि म्हणून आम्ही जास्त कष्ट घेतो अशी ओळ तिने धरली. ती ओळ पॉला ग्रीन या लेखिकेची. उणीव आधी कबूल केली की पुढच्या वाक्यावर लोकांचा विश्वास बसतो. पण उणीव आणि गुण एकाच कारणातून आलेले असावे लागतात, नाहीतर ती नुसती कबुलीच राहते. गुळाच्या बाबतीत ते आयतंच जुळलेलं होतं. ‘दिसायला मागे.’ ‘रंगाचं बक्षीस दुसऱ्याला.’ ‘पिवळा नाही, मुद्दामच.’ ‘पिवळा केला नाही.’

शेवटी यमकवाला. त्याला मुद्दाम शेवटी बोलवायचं, कारण तो आधी आला तर बाकीच्यांना बोलू देत नाही. ‘रंग कमी, गोडी हमी.’ ‘सावळा रंग, गोडीत दंग.’ ‘रूपाचा काळा, गुणाचा गोळा.’ मुलगी या फेरीत एकटीच पाचसहा चिठ्ठ्या लिहून मोकळी झाली.

साठेक चिठ्ठ्या झाल्या आणि ताईने त्या डब्यात घालून झाकण लावलं. त्याच दिवशी निवड करायची नाही. लिहिल्या दिवशी स्वतःची ओळ प्रत्येकाला आवडते.

गाळणं

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. पहिली चाळण खरेपणाची. एकेक ओळ उचलायची आणि भिंतीवरच्या वाक्याखाली धरायची. ‘रंग कमी, गोडी हमी’ पहिल्याच झटक्यात गेली; पूड न घातल्याने गोडी वाढते असं कुणी म्हणालेलं नव्हतं, ते यमकाने म्हणायला लावलं होतं. ‘चहा फाटणार नाही’ गेली, कारण दूध फाटणं रसाच्या आंबटाईवर आणि दुधावरही असतं, त्याची हमी कोण देणार? ‘गुळव्या रंग बघत नाही’ ही ओळ सगळ्यांना आवडली होती. काकूंनी ती काढली. ‘न्हाई कसा बघत? पाकाचा रंग बघितल्याबिगर काहील उतरवतोय व्हय?’ गुऱ्हाळात वाढलेल्या माणसाला जी ओळ खोटी वाटते ती बाहेरच्याला कितीही भावली तरी जाते.

याच चाळणीत ‘पिवळ्या गुळाला विचारा, रंग कुठला’ ही दादाची लाडकी ओळ गेली. ती चुरचुरीत होती, पण सगळ्या पिवळ्या गुळावर आळ घेत होती. ‘रूपाचा काळा, गुणाचा गोळा’ वेगळ्या कारणाने काढली. तिच्यात काळं असणं ही खोट ठरते आणि गुण ही भरपाई. आपल्या घराघरांत मुलींच्या रंगावर हेच बोललं जातं आणि ते ढेपेवर छापायचं नाही, असं ताईने ठामपणे सांगितलं. मला ते पूर्ण पटलं.

दुसरी चाळण नाव बदलण्याची. ओळीखाली दुसऱ्या कुठल्याही गुळाचं, मधाचं, तेलाचं नाव लिहून बघायचं. ओळ तशीच शोभली तर ती आपली नाही. ‘गाव तेथे एसटी’ या चाळणीतून का सुटते ते बघा: एसटीच्या जागी कुठल्याही खासगी गाडीचं नाव घातलं की वाक्य खोटं पडतं. ‘चव गावाकडची’ आणि तिच्या सगळ्या बहिणी इथे गळाल्या. ‘कोल्हापुरी’ शब्दावर उभ्या असलेल्या ओळीही गेल्या; कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तो मान सगळ्या जिल्ह्याचा, त्याने हा गूळ शेजारच्यापासून वेगळा पडत नाही.

उरलेल्या चिठ्ठ्यांचे एकाच कल्पनेचे गठ्ठे केले आणि प्रत्येक गठ्ठ्यातून सगळ्यात आखूड ओळ ठेवली. ‘पिवळा नाही, मुद्दामच’ आणि ‘पिवळा केला नाही’ एकाच गठ्ठ्यात होत्या. पहिलीत थोडा तोरा आहे. दुसरीत एक क्रियापद सगळं काम करतं: पिवळा असणं ही करण्याची गोष्ट आहे, हे ती न सांगता सांगते. ‘सावळा’ शब्दाच्या ओळींवर मात्र बराच वेळ बोलणं चाललं. मराठी कानाला सावळा म्हटलं की पंढरपूर आठवतं. काकूंना ते फार आवडलं. ताईचं म्हणणं पडलं की ऐकणारा विठ्ठलाकडे जाईल आणि पावडरची गोष्ट मागेच राहील. शिवाय दुसऱ्याच्या भक्तीवर आपला माल उभा करायचा नाही. गठ्ठा बाजूला ठेवला.

हातात पाच राहिल्या: ‘पावडर नाही, म्हणून पिवळा नाही’, ‘एक पुडी कमी’, ‘काळा का? या, सांगतो’, ‘काहिलीतून उतरला तसा’ आणि ‘पिवळा केला नाही’.

कानाची परीक्षा

इथपर्यंतचं काम घरातल्यांचं. यापुढे ज्यांनी काहील पाहिलेली नाही अशी माणसं लागतात. परीक्षा साधी आहे, पण एक गोष्ट पाळावी लागते: ‘आवडली का?’ असं विचारायचं नाही. आवडली का म्हटलं की माणसं सौजन्याने हो म्हणतात. ओळ एकदाच वाचून दाखवायची, वेगळ्या गप्पा मारायच्या, आणि थोड्या वेळाने दोन प्रश्न विचारायचे. काय ऐकलंत? त्याचा अर्थ काय असेल? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.

ताईने हे प्रदर्शनातल्या शेजारच्या स्टॉलवर, रिक्षात, नातेवाइकांच्या घरी केलं. घरातल्यांची पहिली पसंती ‘पावडर नाही, म्हणून पिवळा नाही’ या ओळीला होती. ताल छान, मापाच्या वाक्याच्या सगळ्यात जवळची. तीच कोसळली. हल्ली गुळाची पावडर पाकिटात मिळते आणि चहासाठी लोक ती घेतात. पुण्यातल्या एका बाईंनी ओळ अचूक परत म्हटली आणि अर्थ सांगितला: ‘यांच्याकडे ढेप आहे, पावडर मिळत नाही.’ दुसऱ्या एकांनीही तेच सांगितलं. कोल्हापुरात पावडर म्हटलं की हायड्रॉस, पुण्यात पावडर म्हटलं की पाकीट. घरात बसून हे कधीच कळलं नसतं.

‘एक पुडी कमी’ लक्षात राहत होती, पण पुडी कसली हे कुणाला सांगता येईना. काहींना वजन कमी भरतंय असं वाटलं, आणि वाण्याच्या मालावर तो संशय परवडत नाही. ‘पिवळा केला नाही’ ऐकून बहुतेकांनी उलट प्रश्न केला: ‘म्हणजे गूळ पिवळा करतात का? काय घालून?’ अर्थ पूर्ण पोचला नव्हता, पण अर्धा बरोबर पोचला होता आणि उरलेला अर्धा ऐकायला माणूस थांबला होता. ओळीकडून याहून जास्त मागू नये. उरलेला अर्धा खालच्या लहान अक्षरांनी सांगायचा असतो.

कुठली कुठे

तीन ओळी ठेवायचं ठरलं, कारण जागा तीन होत्या. ढेपेच्या लेबलवर ‘पिवळा केला नाही’, तीन शब्द, हातभर अंतरावरून वाचता येतील इतके मोठे. त्याखाली सरळ मजकूर: ‘रंग उजळवण्यासाठी हायड्रॉस पावडर वापरलेली नाही. चुना आणि भेंडीचा रस वापरला आहे.’ चुना लिहायला दादा आधी कचरत होता. पण तो लिहिल्यामुळे आधीच्या वाक्याला वजन येतं. लपवायचं असतं तर हेही लपवलं असतं, असं वाचणारा मनात म्हणतो.

स्टॉलच्या पाटीवर ‘काळा का? या, सांगतो’. ही ओळ लेबलवर चालणार नाही, कारण दुकानाच्या फळीवर सांगायला कुणी उभं नसतं. पाटीखाली दादा उभा असतो आणि त्याला हा प्रश्न तोंडपाठ आहे.

तिसरी ‘काहिलीतून उतरला तसा’. ती तिन्हींत सगळ्यात सुंदर आहे असं माझं मत, आणि तिच्यावरच शेवटी अडलं. गूळ साठवणीत काळवंडतो. पावसाळ्याची दमट हवा लागली की ढेप मऊ पडते, रंग आणखी उतरतो. माघात उतरलेली ढेप श्रावणात तशी राहत नाही, मग ओळ श्रावणात खोटी. वहिनींनी मार्ग काढला. नवा गूळ दिवाळीच्या सुमारास येतो. हंगामातल्या ताज्या ढेपांना बांधायची एक वेगळी चिठ्ठी करायची, तिच्यावर ही ओळ आणि काहील उतरल्याची तारीख. हंगाम संपला की चिठ्ठी बंद.

छपाईला टाकण्याआधी ताईने दादाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. मागणी वाढली आणि शेजारच्या गुऱ्हाळातून गूळ घ्यायची वेळ आली, तर त्या गुळावर हे लेबल लावायचं नाही, किंवा आधी गंधकाची तपासणी करून घ्यायची. दादाने विचारलं, ‘आणि आमच्याच गुळव्यानं एखाद्या दिवशी टाकली तर?’ ताई म्हणाली, ‘त्या दिवशीचा गूळ सौद्यात पाठवा. पिवळा असेल, भावही चांगला मिळेल.’ पहिली छपाई दोन हजार लेबलांची धरली आहे, आणि लेबलांचा गठ्ठा गुऱ्हाळात न ठेवता घरी काकूंच्या कपाटात राहणार आहे. रोजच्या काहिलीचा हिशोब त्यांच्याकडे आला की मगच त्या दिवसापुरती लेबलं मोजून बाहेर निघतील.